ब्लू टिक आली म्हणजे मेसेज वाचला का? डिलिव्हरी आणि रीड रिसीट नेमकं काय सांगतात

"ब्लू टिक आली होती, म्हणजे तू मेसेज पाहिला होतास!" हे वाक्य मित्रांमध्ये, घरात, ऑफिसच्या ग्रुपवर आपण सगळ्यांनीच कधीतरी ऐकलं किंवा म्हटलं आहे. पण ही टिक पाठवतं कोण? समोरचा माणूस पाठवत नाही. त्याच्या फोनमधलं ॲप पाठवतं. ॲपला स्क्रीनवर काय उघडलं ते कळतं, पण ते कोणी पाहिलं हे कळत नाही. या लेखात आपण व्हॉट्सॲपची टिक कधी आणि कशी तयार होते ते पायरी-पायरीने बघू, तिथे चूक कुठे होते ते एका उदाहरणातून समजून घेऊ आणि कोर्ट या टिककडे कसं बघतं तेही पाहू.

## आधी तीन टिकांचा अर्थ

एक राखाडी टिक: मेसेज तुमच्या फोनमधून निघून व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर पोचला. समोरच्याचा फोन बंद असेल, रेंज नसेल किंवा त्याने तुम्हाला ब्लॉक केलं असेल, तर मेसेज इथेच थांबतो. पोचवता न आलेला मेसेज सर्व्हर ३० दिवस सांभाळतो, नंतर काढून टाकतो.

दोन राखाडी टिक: मेसेज समोरच्याच्या फोनमध्ये, *किंवा त्याच्या अकाउंटला जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या डिव्हाइसमध्ये* उतरला. फोन खिशात लॉक असला तरी ॲप मागच्या मागे मेसेज उतरवून घेतं आणि "मिळाला" अशी पोच सर्व्हरला देतं. त्यासाठी कोणी फोनला हात लावायची गरज नसते.

दोन निळ्या टिक: ॲपच्या हिशेबाने मेसेज "वाचला" गेला. ॲप हे कशावरून ठरवतं? साधारणपणे ते चॅट स्क्रीनवर उघडलं गेलं, एवढ्यावरून. चॅट एक सेकंद उघडून बंद केलं तरी ती नोंद जाते.

व्हॉट्सॲपने या निळ्या टिका नोव्हेंबर २०१४ मध्ये आणल्या. लोकांनी इतकी कुरकुर केली की थोड्याच दिवसांत त्या बंद करायची सोयही द्यावी लागली.

## एक उदाहरण: पुण्याहून दारव्हा तालुक्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एक स्मार्टफोन तिघा-चौघांत वापरला जातो. दिवसा तो बाबांबरोबर शेतात असतो, संध्याकाळी आईकडे आणि रात्री लहान भावंडांकडे. अशाच एका घराची कल्पना करू.

ताई पुण्यात नोकरीला आहे. धाकट्या बहिणीचं नाव यवतमाळच्या एका होस्टेलच्या निवड यादीत लागलं आहे. गुरुवारी संध्याकाळी ५ च्या आत ओरिजनल कागदपत्रं दाखवायची आहेत, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार.

सोमवार, सकाळी ११:१०. ताई बाबांच्या नंबरवर यादीची पीडीएफ पाठवते आणि खाली लिहिते, "यातली सूचना वाचा, अर्जंट आहे." एकच टिक येते, कारण बाबा शेतात आहेत आणि तिथे रेंज नाही.

११:५५. बाबा चहासाठी फाट्यावर येतात. खिशातला फोन नेटवर्क पकडतो, मेसेज उतरतो आणि ताईला दोन राखाडी टिक दिसतात. बाबांनी फोन खिशातून काढलेलासुद्धा नाही.

रात्री ८:२०. धाकटा भाऊ व्हिडिओ बघत असतो. वरून नोटिफिकेशन मध्ये येतं म्हणून तो त्यावरचं `Mark as read` दाबून मोकळा होतो. ताईच्या फोनवर दोन्ही मेसेजच्या टिका निळ्या होतात.

बुधवार, रात्री ९. ताई सहज फोन करते. "बाबा, कागदं काढून ठेवले ना उद्यासाठी?" तिकडून उत्तर येतं, "कोनते कागदं? मले त काईच मेसेज दिसला नाई."

आता यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. मेसेज फोनमध्ये उतरला हे खरं, तो "वाचला" म्हणून मार्क झाला हेही खरं आणि बाबांनी तो पाहिला नाही हेही तितकंच खरं. ताईला उत्तर हवं होतं एका प्रश्नाचं, "बाबांना तारीख कळली का?" टिक उत्तर देत होती दुसऱ्याच प्रश्नाचं, "त्या अकाउंटवर या मेसेजचं काय झालं?"

शिवाय, मार्क झाल्यावर चॅटवरचा न वाचलेल्या मेसेजचा हिरवा आकडाही गेला. म्हणजे बाबांनी रात्री फोन हातात घेतला असता तरी नवीन काही आलंय याची खूण उरलीच नव्हती. निळ्या टिकने ताईला निर्धास्त केलं आणि त्याच वेळी बाबांपासून मेसेज लपवला.

## निळी टिक आली, पण पाहिला नाही: हे कसं होतं?

वरच्या उदाहरणातलं कारण म्हणजे एक फोन, अनेक हात. याशिवाय आणखी तीन कारणं नेहमी दिसतात.

१. जोडलेला कॉम्प्युटर. व्हॉट्सॲप अकाउंटला फोनशिवाय आणखी चार डिव्हाइस जोडता येतात आणि मुख्य फोन बंद असला तरी ती १४ दिवसांपर्यंत चालू राहतात. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब उघडलं आणि लॉगआउट करायचं राहिलं, तर तुमचे मेसेज त्या कॉम्प्युटरवरही उतरतात. फोन घरी बंद पडलेला असताना समोरच्याला दोन टिक दिसू शकतात, त्या इथून. दुकानात कोणी ते चॅट उघडलं तर टिक निळीही होते.

२. आधीच उघडं असलेलं चॅट. तुम्ही एखाद्याशी बोलताय आणि चॅट उघडंच ठेवून फोन टेबलावर ठेवला. स्क्रीन बंद होण्याआधी त्याचा नवा मेसेज आला तर तो "वाचलेला" धरला जातो, तुम्ही तेव्हा पाणी प्यायला गेलेले असलात तरी.

३. पीडीएफ, फोटो आणि लिंक. हा मुद्दा सगळ्यात जास्त गैरसमजाचा आहे. पीडीएफच्या मेसेजवर आलेली निळी टिक म्हणजे *ते चॅट उघडलं गेलं*, एवढंच. फाइल डाउनलोड झाली का, उघडली का, दुसऱ्या पानापर्यंत कोणी गेलं का, यातलं काहीच टिक सांगत नाही. डेटा वाचवायला ऑटो-डाउनलोड बंद ठेवलेलं असेल तर पीडीएफवर डाउनलोडचा बाण तसाच राहतो आणि तुमच्याकडे टिक मात्र निळी असते. लिंकचंही तसंच.

व्हॉइस मेसेजचं थोडं वेगळं आहे. तिथे टिकांशिवाय माइकचं चिन्हही असतं आणि मेसेज प्ले केल्यावरच ते निळं होतं. म्हणजे तिथे "चॅट उघडलं" आणि "वाजवलं" या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पीडीएफसाठी अशी दुसरी नोंद नाही. अर्थात व्हॉइस मेसेज वाजवला कोणी, हा प्रश्न तिथेही उरतोच.

## पाहिला, पण निळी टिक नाही: हेही होतं

उलट बाजूही तितकीच कच्ची आहे. म्हणून "टिक निळी नाही, म्हणजे त्याला माहीतच नव्हतं" असंही म्हणता येत नाही.

सर्वात साधा मार्ग म्हणजे `Settings > Privacy > Read receipts` बंद करणं. मग वैयक्तिक चॅटमध्ये तुमची निळी टिक कोणाला जात नाही आणि तुम्हालाही दुसऱ्यांची दिसत नाही. मात्र ग्रुपमधल्या रीड रिसीट आणि व्हॉइस मेसेजची "ऐकलं" ही खूण यातून बंद होत नाही. ग्रुपवर "मी पाहिलंच नाही" म्हणणारे इथेच पकडले जातात.

दुसरा मार्ग सेटिंगशिवायचा आहे. छोटा मेसेज नोटिफिकेशनमध्येच पूर्ण वाचता येतो आणि अँड्रॉइडवर होम स्क्रीनला व्हॉट्सॲपचं विजेट लावलं तर तिथेही दिसतो. चॅट न उघडल्यामुळे टिक राखाडीच राहते. तिसरं म्हणजे मेसेज उतरल्यावर नेट बंद करून चॅट वाचलं, तर "वाचला" ही नोंद फोनमध्येच अडकून राहते आणि नेट परत आल्यावर जाते. कोणी हे मुद्दाम करतं, तर रेंज ये-जा करणाऱ्या भागात ते आपोआप घडतं. तुम्हाला संध्याकाळी निळी झालेली टिक प्रत्यक्षात दुपारच्या वाचनाचीही असू शकते.

ग्रुपमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे टिक निळी व्हायला *सगळ्यांनी* चॅट उघडायला हवं. ५० जणांच्या ग्रुपमध्ये एकाचा फोन बिघडलेला असला तर ४९ जणांनी उघडूनही टिक राखाडीच राहते. म्हणून ग्रुपमध्ये मेसेज दाबून धरा आणि `Info` मधली यादी बघा. तिथे कोणाकडे पोचला आणि कोणी उघडला ते वेगवेगळं दिसतं.

## साध्या एसएमएसचं काय?

एसएमएसमध्ये "वाचला" ही नोंद मुळात नसतेच. बँका, कॉलेज, सरकारी योजना यांचे मेसेज बहुतेक वेळा एसएमएसने येतात आणि पाठवणाऱ्याच्या सिस्टिममध्ये त्यापुढे "डिलिव्हर्ड" असं दिसतं. ही पोच मोबाइल कंपनीच्या मेसेज सेंटरकडून येते. त्या नंबरच्या हँडसेटने मेसेज स्वीकारला, एवढंच ती सांगते. फोन साधा असो, कपाटात चार्जिंगला लावलेला असो, पोच सारखीच.

तो नंबर आज कोणाकडे आहे, हेही ती सांगत नाही. रिचार्ज न केल्याने बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तुमचा जुना नंबर एखाद्या फॉर्मवर तसाच राहिला असेल, तर तुमच्या नावाचा मेसेज अनोळखी माणसाच्या फोनमध्ये जाईल आणि रेकॉर्डवर "डिलिव्हर्ड" अशीच नोंद राहील. पुढे कोणी "आम्ही तुम्हाला कळवलं होतं" म्हटलं, तर आधी *कोणत्या नंबरवर* कळवलं ते विचारा.

## मग कोर्ट ब्लू टिक कशी मानतं?

"हायकोर्टाने ब्लू टिक पुरावा मानली" अशी बातमी तुम्ही कधीतरी वाचली असेल. ती खरी आहे, पण त्यातला बारकावा बहुतेक वेळा सुटतो.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातलं, ११ जून २०१८ चं. एसबीआय कार्ड्स या कंपनीला एका थकबाकीदाराकडून वसुली करायची होती. तो नोटीस घेणं टाळत होता. शेवटी कंपनीच्या अधिकाऱ्याने नोटिशीची पीडीएफ आणि सुनावणीची माहिती देणारा मेसेज त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी चिन्हांवरून मेसेज आणि पीडीएफ दोन्ही पोचले आणि उघडलेही गेले असं नोंदवलं आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश २१, नियम २२ च्या नोटिशीपुरती ही बजावणी मान्य केली. यवतमाळ जिल्हा याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली येतो, त्यामुळे आपल्याकडच्या वकिलांच्या बोलण्यातही हे प्रकरण येतं.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर पीडीएफ *उघडली* हे निळी टिक सांगू शकत नाही, ते आपण वर पाहिलं. मग कोर्टाने चूक केली का? तसं म्हणता येत नाही, कारण कोर्टापुढचा प्रश्न वेगळा होता. नोटीस बजावणीत मुख्य प्रश्न असतो, "त्या माणसाला कळण्याची योग्य संधी मिळाली का?" योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो, पाकीट फोडून वाचलं का हे विचारत नाही. ज्याला ते खरंच मिळालं नाही त्याला तसं दाखवून द्यायची मोकळीक असते. ब्लू टिकला इथे पोस्टाच्या पोचपावतीसारखी जागा मिळाली, आणि तीही अशा माणसाच्या बाबतीत जो आधीपासून नोटीस टाळत होता.

जिथे धोका मोठा असतो तिथे कोर्टाने याच्या उलट भूमिका घेतली आहे. चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस पाळली नाही तर अटक होऊ शकते. ही नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली दिली जाते, पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-अ खाली असायची. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनेच द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०२५ रोजी सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणा सरकारने हा आदेश बदलून मागितला, पण न्यायालयाने तो बदलला नाही.

दोन्ही आदेश शेजारी ठेवले की हिशेब कळतो. मेसेज न पाहिल्याने माणसाचं स्वातंत्र्य जाणार असेल, तिथे टिक पुरत नाही. आणि दिवाणी प्रकरणात टिकच्या जोरावर बोलायचं असलं तरी नुसता स्क्रीनशॉट सहसा पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

## खरंच पाहिला का, हे कसं ओळखाल?

पहिली गोष्ट, टिकची वेळ बघा. मेसेज दाबून धरून `Info` उघडलं की पोचल्याची आणि वाचल्याची वेळ वेगवेगळी दिसते. समोरचा त्या वेळी काय करत असतो ते तुम्हाला माहीत असतं. बाबा रात्री ८:२० ला कधीच फोन बघत नसतील, तर त्या वेळची निळी टिक बाबांची नाही. सकाळपासून पाठवलेले चार मेसेज एकाच मिनिटात निळे झाले असतील, तर ते वाचले गेले की नुसते मार्क झाले हे त्यावरून कळत नाही, कारण चॅट उघडल्यावरही ते एकदमच निळे होतात.

दुसरी आणि महत्त्वाची गोष्ट, असं उत्तर मागा जे मेसेज वाचल्याशिवाय देताच येणार नाही. "मिळाला का?" विचारलं की "हो" किंवा अंगठा येतो आणि तोही भावाने दाबलेला असू शकतो. त्याऐवजी विचारा, "कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणते कागद न्यायचे, ते मला लिहून पाठवा." लिहिता येत नसेल तर व्हॉइस मेसेजमध्ये बोलायला सांगा. आवाज बाबांचा आहे हे तरी तुम्हाला ओळखू येईल.

तिसरी, तारीख पीडीएफमध्ये पुरू नका. ताईने "यातली सूचना वाचा" असं लिहिलं होतं. त्याऐवजी "गुरुवार, संध्याकाळी ५ च्या आत, टीसी आणि मार्कशीट ओरिजनल" असं मेसेजच्या पहिल्याच ओळीत लिहिलं असतं, तर नोटिफिकेशन उडवता उडवता भावाच्या नजरेस पडलं असतं. निदान "बाबा, ताईचं कायतरी गुरुवारचं आहे" एवढं तरी तो ओरडून सांगू शकला असता.

आणि मुदत जवळ आली असेल, तर सरळ कॉल करा. ज्याला कळायला हवं त्याच्याशीच बोला आणि तारीख त्याच्या तोंडून ऐका.

## हे स्वतः करून बघा

घरातले दोन फोन घ्या. एकावरून दुसऱ्यावर पीडीएफ पाठवा. दुसऱ्या फोनवर चॅट न उघडता नोटिफिकेशनमधलं `Mark as read` दाबा आणि पहिल्या फोनवर टिकचा रंग बघा. मग दुसऱ्या फोनचं नेट बंद करा, पहिल्यावरून एक मेसेज पाठवा आणि एकच टिक किती वेळ राहते ते पाहा. शेवटी नेट सुरू करा, मेसेज नोटिफिकेशनमध्येच पूर्ण वाचा आणि चॅट उघडू नका. तुम्ही तो वाचलाय, पण टिक राखाडीच आहे. फोनच्या व्हर्जनप्रमाणे बटणांची नावं थोडी वेगळी असू शकतात.

पुढच्या वेळी कोणी "ब्लू टिक आली होती ना?" म्हणून भांडायला आलं, तर हाच प्रयोग त्याच्यासमोर करून दाखवा.